सरळ केसांची सावलीही सरळच हवी

फोटोतले कुरळे केस सरळ करायचे म्हटले की नवखा हात फोटोशॉपच्या Liquify कडे जातो. बटा ब्रशने खाली ओढल्या की झालं, असा त्याचा हिशेब. पण ओढल्याने पिक्सेल फक्त ताणले जातात. प्रत्येक वळणावरची चमक आणि आतला काळोख दोन्ही लांबतात आणि ओल्या सुंभासारखं काहीतरी दिसू लागतं. कुरळ्या केसांत चमक ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेली असते. सरळ केस शेजारी शेजारी बसले की तिचा डोक्यावर आडवा पट्टा होतो. तो ओढून आणता येत नाही. जुने केस काढून नवे रेखाटावेच लागतात.

समजा, डावीकडच्या खिडकीच्या उजेडात, फिक्या भिंतीसमोर बसलेली मुलगी आहे. अंगात पिवळा कुर्ता, कुरळे केस खांद्यापर्यंत. पहिला निर्णय लांबीचा. वळण सुटलं की केस लांबतो, म्हणजे हे केस आता छातीपर्यंत उतरायला हवेत. खांद्यावरच थांबवले तर ते कापल्यासारखे दिसतात. बाजूंचा फुगारा गेल्यावर भिंत, मान आणि खांदा उघडे पडतात, ते आधी क्लोन स्टॅम्पने भरून घ्यायचे. खांद्यावरची जुनी ठिपकेदार सावलीही इथेच पुसायची. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात.

मग नवे केस. मूळ फोटोतला एखादा सुटा केस मोठा करून पाहायचा. तो जितके पिक्सेल रुंद, तितकाच ब्रश. पेन टूलने रेषा आखून Simulate Pressure चालू ठेवलं की टोकं आपोआप निमुळती होतात. आधी गडद थर, त्यावर मधला रंग, शेवटी मोजकेच उजळ केस, आणि सगळे रंग त्याच केसांतून उचललेले. दिशा भांगापासून ठरते: केस मुळाशी किंचित वर उठतो, मग कानाकडे वळून खाली येतो. ती उठण सुटली की डोक्यावर टोप घातल्यासारखं वाटतं.

खरी परीक्षा खांद्यावर. तिथे केस दुभंगतात; काही पुढे येतात, काही मागे जातात, टेकलेले थोडे वाकतात. सावलीचा थर Multiply मध्ये, केसांखाली आणि कापडाच्या वर. केस टेकतात तिथे ती अरुंद आणि गडद. टोकं अंगापासून सुटतात तिथे रुंद, फिकी, कडा विरलेली. खिडकी डावीकडे असल्याने ती उजवीकडे सरकलेली हवी. रंग काळा घेऊ नये. पिवळ्या कुर्त्यावरची सावली तपकिरीकडे झुकलेली पिवळीच असते. काळी घातली तर कापड मळकट दिसतं.

नवे केस नेहमी जरा जास्तच स्वच्छ उमटतात. फोटोत असलेला कण त्यांच्यावरही चढवावा लागतो, आणि दोन-चार चुकार केस मुद्दाम बाहेर सोडावे लागतात. कपाळावर दाट बटा उतरलेल्या असतील तर मात्र मी असं काम घेत नाही. त्यांच्याखालचं कपाळ आणि भुवया फोटोत नसतातच. त्या रेखाटल्या की चेहरा दुसऱ्याच कुणाचा तरी होतो.