तेवीस जणांतल्या दोनशे त्रेपन्न जोड्या

२०१४ साली ब्राझीलमध्ये फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला. ३२ देश खेळत होते आणि नियमाप्रमाणे प्रत्येकाच्या संघात २३ खेळाडू होते. सगळ्यांच्या जन्मतारखा अधिकृत यादीत छापलेल्या. म्हणजे संभाव्यतेच्या गणितातला एक जुना दावा पडताळून पाहायला तेवीस-तेवीस माणसांचे ३२ गट आयतेच तयार होते. तो दावा असा की कुठलीही २३ माणसं घ्या, त्यांच्यात निदान दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते. याद्या ताडून पाहिल्या, तर ३२ पैकी बरोबर १६ संघांत अशी जोडी निघाली.

नेमके निम्मे यावेत हा थोडा नशिबाचाही भाग. चौदा किंवा अठरा आले असते तरी दावा खोटा ठरला नसता. पण दावा ऐकताच मन नाही म्हणतं. वर्षाचे दिवस ३६५, त्यांच्या निम्मे साधारण १८३, मग निम्मी शक्यता यायला तितकी माणसं नकोत का? २३ माणसांनी तर वर्षाचा पंधरावा भागही भरत नाही.

गफलत होते ती प्रश्न ऐकतानाच. ‘दोघांचा वाढदिवस एक’ असं ऐकलं की आपण नकळत स्वतःला त्या खोलीत उभं करतो आणि विचारतो, माझ्या तारखेचा कुणी आहे का? हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर खरोखरच लहान आहे. उरलेल्या २२ जणांत माझ्या तारखेचा एखादा तरी सापडण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के. ती निम्म्यावर न्यायची तर माझ्याखेरीज २५३ माणसं लागतील. मनाने बांधलेला अंदाज चुकीचा नसतो. तो न विचारलेल्या प्रश्नाचा असतो.

मूळ प्रश्नात माझी तारीख नाही, कुणाचीच ठरावीक तारीख नाही. कुणाचीही कुणाशीही जुळली तरी चालणार आहे. तेव्हा माणसं मोजण्याऐवजी जोड्या मोजायला हव्यात. समजा, एका खोलीत एकेक माणूस येतो आहे आणि आधी आलेल्या प्रत्येकाशी हात मिळवतो आहे. दुसरा एकदा हात मिळवतो, तिसरा दोनदा, दहावा नऊ वेळा, तेविसावा बावीस वेळा. बेरीज केली तर २५३ हस्तांदोलनं होतात. प्रत्येक हस्तांदोलन म्हणजे तारीख जुळण्याची एक संधी, ३६५ मध्ये एक अशी. एकटी संधी किरकोळ, पण त्या आहेत २५३. वर आला होता तोच हा आकडा: माझ्या तारखेचा माणूस शोधायला मला २५३ जणांशी हात मिळवावा लागतो, आणि २३ जण आपसात मिळून तेवढीच हस्तांदोलनं उरकतात.

आता हिशोब. जुळण्याची शक्यता सरळ मोजणं किचकट आहे, कारण एक जोडी निघेल, दोन निघतील, एका तारखेवर तिघंही निघतील. म्हणून उलट बाजूने जायचं: कुणाचीच तारीख जुळणार नाही, ही शक्यता काढायची. भिंतीवर कॅलेंडर आहे आणि येणारा प्रत्येक जण आपल्या तारखेवर टिकली लावतो आहे. पहिल्याला सगळं कॅलेंडर मोकळं. दुसऱ्यासाठी ३६५ पैकी ३६४ घरं मोकळी, तिसऱ्यासाठी ३६३, आणि असं करत तेविसाव्यासाठी ३४३. हे सगळे अपूर्णांक एकमेकांना गुणायचे: ३६४/३६५ × ३६३/३६५ × … × ३४३/३६५.

मोबाइलच्या कॅलक्युलेटरवर हा गुणाकार स्वतः करून पाहावा असा आहे. सुरुवातीला आकडा हलतच नाही. पाच माणसं झाली तरी कुणाचंही न जुळण्याची शक्यता ९७ टक्के असते. दहाव्याला ८८, पंधराव्याला ७५, विसाव्याला ५९. बाविसाव्याला ५२ आणि तेविसाव्याला ४९. म्हणजे जुळण्याची शक्यता ५१ टक्के. तेविसावा माणूस एकटा काही चमत्कार करत नाही. त्याची टिकली भरलेल्या घरात पडण्याची शक्यता ६ टक्केच आहे. पण त्याच्याआधीच्या सगळ्यांना मोकळं घर मिळत आलेलं असायला हवं, आणि प्रत्येकासाठी ते आधीच्यापेक्षा थोडं अवघड होत गेलेलं असतं. लहान लहान धोके एकापाठोपाठ एक टाळत राहणं इथे महाग पडतं. पुढे हा आकडा भराभर चढतो: ५० माणसांत जुळण्याची शक्यता ९७ टक्के होते.

इथे एक सोपी वाटणारी चूक होते. २५३ जोड्या, प्रत्येकीची शक्यता ३६५ मध्ये एक, मग २५३ भागिले ३६५, म्हणजे ६९ टक्के, असं का नाही? कारण हा भागाकार शक्यता सांगत नाही. अशा अनेक गटांत सरासरीने गटामागे किती जोड्या निघतील, ते सांगतो. काही गटांत दोन-दोन जोड्या निघतात, काहींत एकही नाही, आणि सरासरी ०.६९ राहते.

आपल्या क्रिकेटमध्ये यापेक्षा ठळक योग आहे. रवींद्र जडेजा, जसप्रीत बुमराह आणि श्रेयस अय्यर, तिघांचाही वाढदिवस ६ डिसेंबर, आणि २०२३ च्या एकदिवसीय वर्ल्ड कपच्या १५ जणांच्या संघात तिघंही होते. पंधरा जणांत दोघांचं जुळणं साधारण चारात एकदा घडावं. तिघांचं जुळणं खरंच दुर्मीळ, तीनशे संघांत सुमारे एकदा. पण आपलं लक्ष योग जुळल्यावर तिकडे गेलं आहे. न जुळलेले शेकडो संघ कुणी तपासत बसत नाही, म्हणून असा एखादा योग असतो त्याहून विलक्षण भासतो.

या सगळ्या हिशोबात एक गृहीत धरलं आहे: वर्षाचे ३६५ दिवस सारखेच, आणि लोक एकमेकांशी संबंध नसलेले. गटात जुळी भावंडं असतील तर तो मोडतो. तारखा असमान वाटल्या गेल्या असतील तरीही मोडतो, पण तेव्हा जुळण्याची शक्यता वाढते, कमी होत नाही. गर्दीच्या तारखांवर टिकल्या एकमेकींवर जास्त पडतात.

त्याचं टोकाचं उदाहरण महाराष्ट्रातल्या जुन्या शाळांच्या रजिस्टरांत आहे. घरी जन्मलेल्या, जन्माची नोंद नसलेल्या मुलाला शाळेत घालताना गुरुजी वयाचा अंदाज घेत आणि जन्मतारीख लिहीत १ जून. जूनमध्ये शाळा सुरू व्हायची, तेव्हा ही तारीख सोयीची. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणून सरकारी कचेऱ्यांत ३१ मे ला निरोपसमारंभांची रांग लागत आली आहे.

समजा, अशा पिढीतल्या दर दहांपैकी एकाच्या दाखल्यावर १ जून आहे. मग त्यांच्यातल्या २३ जणांत, बाकी तारखा बघायच्याच नाहीत असं ठरवलं तरी, निदान दोघांची तारीख १ जून निघण्याची शक्यता ६८ टक्के येते. त्यांचे खरे वाढदिवस कधीचे, हे त्यांच्या आयांना ठाऊक होतं. ते बहुधा पोळ्याच्या आदल्या दिवशी किंवा पेरणी चालू असताना, असं सांगितलं जाई, आणि त्याच तारखांवर फुटबॉलवाल्यांचं गणित लागू पडलं असतं.