पस्तीस तासांचा हिशेब

तो मुंबईत नोकरीला, ती नागपुरात शिक्षिका. लग्नाला दोन वर्षं झालीत आणि भेट महिन्या-दीड महिन्यातून एकदा. शुक्रवारी ऑफिस सुटलं की तो रात्री आठच्या सुमाराची दुरांतो पकडतो. गाडी शनिवारी सकाळी साडेसातच्या आसपास नागपूरला लागते आणि परतीची गाडी रविवारी रात्री साडेआठ-पावणेनऊला असते. अशी जोडपी आज महाराष्ट्रात घरोघरी सापडतील. कुणी पुणे-नागपूर, कुणी कोल्हापूर-बंगळुरू, कुणाचा नवरा आखातात तर कुणाची बायको हैदराबादेत. तेव्हा हे एक जोडपं उदाहरणादाखल समोर ठेवू आणि त्यांचा शनिवार-रविवार उलगडून बघू.

दोघांच्या व्हॉट्सअॅपवर तीन आठवडे बेत शिजलेला असतो. शनिवारी बर्डीवर खरेदी, मग सिनेमा, रात्री तिच्या मैत्रिणींबरोबर जेवण. रविवारी सकाळी रामटेक, तिथून थेट धरमपेठेत मामांकडे जेवायला. ऐकताना यात काहीच जास्त वाटत नाही. कागदावर तास मांडले की मात्र वेगळं दिसतं.

सकाळी स्टेशनवरून घरी पोचायला सव्वाआठ होतात आणि रविवारी संध्याकाळी साडेसातला घर सोडावं लागतं. हाताशी राहतात पस्तीस तास. रात्रीची आठ तास झोप आणि गाडीत नीट न झालेल्या झोपेची दुपारची दोन तास भरपाई धरली तर उरले पंचवीस. अंघोळी, चहा-नाश्ता, बॅग भरणं यांत पाचेक तास सहज जातात. राहिले वीस. आता बेत मोजू. रामटेक नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर, जाऊन-येऊन, गड चढून सहा तास. मामांकडे तीन, मैत्रिणींबरोबर चार, बर्डीवर तीन, सिनेमाचे येण्याजाण्यासकट साडेतीन. बेरीज साडेएकोणीस. म्हणजे ज्या माणसासाठी आठशेच्या वर किलोमीटरचा प्रवास केला, त्याच्यासाठी मोकळा अर्धा तास उरतो, तोही बहुधा रिक्षात.

भेटीतला ताण बहुतेकदा या बेरजेतून येतो. प्रेम आटलं म्हणून नव्हे. तो ओळखूही येतो, फक्त स्वतःच्या नावाने येत नाही. ओला टॉवेल गादीवर का टाकला, मामांना फोन आधी का नाही केलास, जेवताना मोबाइल कशाला, असल्या किरकोळ गोष्टींवर आवाज चढतो. एरवी हे दोघं टॉवेलवरून भांडणारे नसतात.

दूर राहणाऱ्या जोडप्यांशी बोलून अमेरिकेतल्या संशोधक एरिन साल्स्टाइन यांनी 2004 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वेळ मोजका आहे या जाणिवेने जोडपी भेट ठरवून आखतात, पण ती छानच झाली पाहिजे याचं दडपणही घेतात, आणि मग भांडण किंवा अवघड विषय टाळत राहतात, असं त्यातून दिसलं. टाळलेला विषय दोन दिवस गप्प बसतो आणि रविवारी दुपारी बाहेर पडतो. ती वेळ सर्वांत वाईट, कारण बोलणं पुरं व्हायच्या आत रिक्षा दारात येते.

म्हणून या जोडप्याने बेत उलट्या बाजूने आखावा. आधी दोन टोकं राखून ठेवायची, मग मधला वेळ भरायचा.

पहिलं टोक म्हणजे घरी पोचल्यानंतरचे दोन-तीन तास. रोज फोनवर तासभर बोलणारी माणसंही समोरासमोर आली की थोडी बुजतात. फोनवर आवाज असतो. इथे अख्खा माणूस असतो, त्याच्या घामाच्या वासासकट, चहा फुंकून पिण्याच्या सवयीसकट. तो रात्रभराच्या प्रवासाने आंबलेला असतो, ती पहाटेपासून घर आवरत असते. या वेळात कुणाकडे जायचं नाही, कुणाला बोलवायचंही नाही. कोपऱ्यावरच्या टपरीतून तर्री पोहे आणावेत, खावेत, झोपावं. जवळीक याच वेळात व्हायला हवी अशी मूक अपेक्षा दोघांपैकी एकाने धरली आणि दुसऱ्याचे डोळे मिटत असले, तर पुढचा अख्खा दिवस रुसव्यात जातो. ‘आल्यावर मी दोन तास आडवा होणार आहे’ हे त्याने गुरुवारीच फोनवर सांगितलं, तर त्यातली नाराजी आधीच निघून जाते.

सासूबाई त्याच घरात राहत असतील तर प्रश्न जरा नाजूक होतो. मुलगा आईलाही भेटायला आलेला असतो आणि ते खरंच आहे. अशा घरात दुपारचं जेवण आणि नंतरच्या गप्पा आईच्या, संध्याकाळ त्या दोघांची, हे मुलानेच आईला आधी सांगावं. सुनेने सांगितलं की त्याचा अर्थ बदलतो.

मधल्या वेळात बाहेरचा एकच मोठा बेत. रामटेक हवं असेल तर सिनेमा आणि मैत्रिणी पुढच्या खेपेला. मामांना शनिवारी फोन करून ‘या वेळी जमणार नाही, दिवाळीत दोन दिवस राहायलाच येतो’ असं स्पष्ट सांगावं. ‘येऊन गेलास आणि घरी आला नाहीस’ हे वाक्य ऐकावं लागेल, पण मामांना ते नंतर कळण्यापेक्षा हे बरं. गॅसचा रेग्युलेटर, बँकेतल्या सह्या, गळका नळ ही कामंही भेटीसाठी साठवू नयेत. जी दोघांशिवाय होतच नाहीत, तेवढी एक-दोन शनिवारी उरकावीत.

अवघड बोलणं, म्हणजे बदली, पैसे, मूल, यासाठी शनिवारची संध्याकाळ चांगली. झोप झालेली असते आणि अजून एक रात्र हाताशी असते. अंबाझरीच्या काठाने तासभर चालताना असं बोलणं खोलीत बसण्यापेक्षा सोपं जातं. विषय एकच घ्यावा आणि तासाभराने थांबवावा, निकाल लागला नाही तरी. राहिलेलं रविवारी सकाळी दोघांच्याही डोक्यात थोडं निवळलेलं असतं.

दुसरं टोक रविवारी दुपारी तीननंतर सुरू होतं. त्या वेळात घराबाहेरचं काहीच ठेवू नये. बॅग जेवणाआधीच भरलेली असावी. ती भरताना बघणं हेच मागे राहणाऱ्याला जड जातं आणि कितीदा तरी निघण्याच्या तासाभर आधी उगाच भांडण निघतं, कारण रागावून निघणं रडत निघण्यापेक्षा सोपं असतं. हे दोघांना ठाऊक असलं तर ते भांडण जागच्या जागी ओळखता येतं.

राहता राहिलं तिकीट. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी खुलं होतं. पूर्वी ही मुदत 120 दिवसांची होती. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगवर राहिलं तर ते आपोआप रद्द होतं, त्यावर गाडीत चढता येत नाही. परतीचं तिकीट असं लटकलेलं असलं की रविवारची दुपार ॲप उघडून बघण्यातच जाते. म्हणून जाण्या-येण्याची दोन्ही तिकिटं एकदमच काढावीत. पुढच्या भेटीची तारीखही बहुधा या साठ दिवसांत बसते. मग शनिवारी रात्री जेवण झाल्यावर दोघांनी एकाच फोनवर डोकं घालून ते तिकीट काढावं, खालचा बर्थ की वरचा यावर थोडा वाद घालत. रविवारी प्लॅटफॉर्मवर ‘आता कधी?’ असा प्रश्न येतो, तेव्हा सांगायला तारीख असते.