तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात मूल कुणाकडे?

वेगळे व्हायचे ठरलेल्या नवरा-बायकोच्या कागदावर एक ओळ हमखास सापडते: ‘मुलीचा ताबा आईकडे राहील व वडील परस्पर संमतीने, सोयीनुसार भेटतील.’ लिहायला अर्धा मिनिट लागतो. पण दोघांमधली संमती संपली म्हणूनच तर हा कागद करायची वेळ आली, हे त्या घाईत कुणाच्या ध्यानात येत नाही. मग पहिल्याच दिवाळीला वाद होतो, आणि कागद उघडून पाहिला तर त्यात उत्तर नसते.

या ओळीच्या जागी सविस्तर लिहायचे असते, त्याला सामायिक पालकत्वाचा आराखडा म्हणतात. मूल कोणत्या दिवशी कुणाकडे राहील आणि त्याच्याविषयीचे मोठे निर्णय कोण, कसे घेईल, हे दोघांनी आधीच ठरवलेले असते. आपल्याकडच्या कायद्यात या नावाचे कलम नाही. विधी आयोगाने 2015 साली आपल्या 257 व्या अहवालात अशा आराखड्याची शिफारस केली, पण कायदा अजून बदललेला नाही. तरीही अडत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली मुलांचा ताबा, संगोपन आणि शिक्षण यांविषयी न्यायालय हुकूम देऊ शकते. ज्यांना तो कायदा लागू नाही, त्यांच्यासाठी 1890 चा पालक व पाल्य कायदा आहे.

आता एक घर डोळ्यांसमोर धरू. वडील जालना एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीवर आहेत, पाळी दर आठवड्याला बदलते. आई अंबडला माहेरी राहायला गेली आहे. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, राज्य मंडळाच्या शाळेत. मुलगी आईकडे राहील, हे दोघांनाही मान्य आहे.

पहिली पायरी रोजच्या दिवसांची. वकील बहुधा ‘दुसरा व चौथा शनिवार-रविवार’ असे लिहून देतात. बँकेतल्या माणसाला ते चालेल. भट्टीवरचा माणूस मात्र तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात शनिवारी रात्री अकराला कामावर चढतो आणि रविवारी सकाळी सातला सुटतो. घरी येऊन तो झोपणार की मुलीला घेऊन फिरणार? शिवाय साप्ताहिक सुट्टी रविवारीच येईल याची खात्री नाही. ती गुरुवारी आली, तर मुलगी त्या दिवशी शाळेत असते.

म्हणून इथे वाराऐवजी पाळीला धरून लिहावे. ‘वडिलांची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात शनिवारी संध्याकाळी पाचपासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत मुलगी त्यांच्याकडे राहील. रविवारी काम असेल तर ते त्या दिवसाची रजा टाकतील. पुढच्या महिन्याचा पाळीचा तक्ता ते 25 तारखेपर्यंत आईला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील.’ तीन पाळ्या आठवड्याने फिरत असतील, तर साधारण तीन आठवड्यांतून एक मुक्काम होतो. तो कमी वाटत असेल, तर दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात रविवारी सकाळी नऊ ते एक एवढी भेट जोडता येते. पाळी तीनला सुरू होते, त्यामुळे भेट आटोपून कामावर वेळेत पोहोचणे जमते.

यातच आणखी एक वाक्य घालावे. मुलगी वडिलांकडे असताना त्यांना अचानक रात्रपाळीला बोलावले, तर तिला शेजारी ठेवण्याआधी ते आईला विचारतील. आई रात्रभर बाहेरगावी असेल, तर तीही आधी वडिलांना विचारेल. आजीकडे ठेवलेले चालेल की नाही, हेही लिहा. वाद बहुतेकदा आजीवरूनच पेटतो.

मधल्या दिवसांत फोन असतो. सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली यशिता साहू प्रकरणात म्हटले आहे की, ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता यायला हवे, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलचाही उपयोग करावा. आपण वेळ मात्र नेमकी घाला. ‘रोज रात्री 8 ते 8.15, वडील दुसऱ्या पाळीत असतील तेव्हा दुपारी दोन ते तीनच्या दरम्यान.’ दुपारी मुलगी शाळेत असेल, तर त्या आठवड्यात सकाळी शाळेआधीची वेळ धरा. ‘रोज बोलू दिले जाईल’ एवढेच लिहिले, तर फोन उचलला का नाही यावर महिनाभर रुसवेफुगवे चालतात.

दुसरी पायरी शाळेची. इथे निर्णयांचे दोन भाग पाडावेत. वही, सहल, शिकवणी असे रोजचे निर्णय जिच्याकडे मुलगी राहते तिचे. शाळा बदलणे, माध्यम किंवा बोर्ड बदलणे हे दोघांच्या लेखी संमतीने. त्याखाली स्पष्ट लिहा की शाळा सोडल्याचा दाखला एकट्याच्या अर्जावर काढला जाणार नाही. ही ओळ नसली, तर जूनमध्ये भेटायला गेलेल्या बापाला मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत गेल्याचे शिपायाकडून कळते.

न्यायालयाचा हुकूम झाल्यावर त्याची प्रत मुख्याध्यापकांना अर्जासोबत द्या. अर्जात दोघांचे मोबाइल नंबर आणि मुलीला शाळेतून नेण्याची परवानगी कुणाकुणाला आहे ती नावे लिहा. वर्गाच्या ग्रुपमध्ये दोघेही असावेत. फी वडील भरणार असतील, तर ती थेट शाळेकडे भरावी. आईच्या हातात रोख दिलेल्या फीवरून नंतर ‘दिली होती’, ‘नव्हती दिली’ हेच चालू राहते.

तिसरी पायरी सुट्ट्यांची, आणि कागदावर सगळ्यात जास्त शाई इथे खर्च व्हायला हवी. ‘उन्हाळी सुट्टी निम्मी-निम्मी’ हे पुरेसे नाही. समजा सुट्टी 2 मे ते 14 जून आहे. हे 44 दिवस, म्हणजे प्रत्येकाचे 22. वडिलांचा वाटा आधी ठेवला, तर तो 23 मेला संपतो आणि उरलेले दिवस आईकडे जातात. असा क्रम का? वह्या-पुस्तके, गणवेश, दप्तर ही तयारी शाळा भरायच्या आधीच्या आठवड्यात असते आणि ती मुलगी जिथून शाळेत जाते त्या घरीच नीट होते. पण 22 दिवस वडिलांना रजा मिळणार आहे का? नसेल, तर प्रामाणिकपणे दहा दिवस लिहावेत. हट्टाने 22 लिहून मुलीला दिवसभर मोबाइलपुढे बसवण्यात काय अर्थ आहे?

दिवाळीला सम-विषम वर्षांची पद्धत चांगली चालते. सम वर्षी लक्ष्मीपूजन वडिलांकडे आणि भाऊबीज आईकडे, विषम वर्षी उलट. भाऊबीजेला आईचा भाऊ आणि वडिलांची बहीण दोघेही असतात, त्यामुळे मामा आणि आत्या यांच्यात ओढाताण होते. ती या पद्धतीने वर्षाआड मिटते. एक बारकी गोष्ट: 2024 साली लक्ष्मीपूजन 31 ऑक्टोबरला की 1 नोव्हेंबरला, यावर देशभर मतभेद झाले होते. तेव्हा ‘राज्य शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीतील तारीख धरली जाईल’ असे लिहून ठेवा. पोळा, गुढीपाडवा, अंबडच्या मत्स्योदरी देवीचे नवरात्र, जालन्यातली धुळवड, यांपैकी आपल्या घरात जे खरोखर साजरे होते तेवढेच घाला. यादी लांबवली की ती कुणी पाळत नाही.

सणाचा दिवस आणि नेहमीच्या भेटीचा दिवस एकाच तारखेला आले, तर सण वरचढ, हेही एका वाक्यात लिहायचे.

चौथी पायरी दवाखान्याची. ताप, जुलाब, लस यांसाठी मुलगी ज्याच्याकडे असेल त्याने निर्णय घ्यावा आणि दुसऱ्याला त्याच दिवशी कळवावे. ठरवून करायची शस्त्रक्रिया, दीर्घ औषधोपचार किंवा मानसोपचार यांना दोघांची संमती लागेल, असे ठरवावे. तातडीच्या वेळी मात्र हजर असलेला पालक एकटा सही करेल आणि दुसऱ्याला लगेच फोन करेल, हे ठळक लिहा. दोन सह्यांची अट तातडीच्या उपचारालाही लागू होते असा कुणाचा समज झाला, तर अपघात विभागात वेळ जातो.

कारखान्यातल्या कामगाराच्या घरी इथे एक खास अडचण येते. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल, तर वडील राज्य कामगार विमा योजनेत असतात आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली अज्ञान मुलगीही त्यात येते. घटस्फोटाने तिचा हा हक्क जात नाही. पण कार्ड असते वडिलांच्या खिशात आणि मुलगी असते अंबडला. म्हणून आराखड्यात लिहा की वडील मुलीचे नाव त्या नोंदीत कायम ठेवतील, कार्डाची प्रत आईला देतील आणि नोकरी बदलल्यास महिन्याच्या आत कळवतील. विम्याबाहेरचा खर्च कसा वाटायचा, तोही आकड्यात हवा: निम्मा-निम्मा की साठ-चाळीस, आणि बिल दाखवल्यापासून किती दिवसांत.

पाचवी पायरी प्रवासाची. राज्यातल्या प्रवासासाठी फक्त कळवणे, राज्याबाहेर किंवा तीन रात्रींपेक्षा जास्त मुक्काम असेल तर सात दिवस आधी ठिकाण, पत्ता आणि तिकीट पाठवणे, असे दोन टप्पे पुरतात. मुलीची ने-आण कोण करेल, हेही इथेच ठरवा. आणायला वडील, परत न्यायला आई, ही वाटणी मला सर्वांत सोपी वाटते, कारण मूल पोहोचवायला उशीर करण्याचे कारण कुणालाच राहत नाही.

परदेशाचा विचार आज नसला, तरी एक कलम घालावे. अज्ञान मुलाच्या पासपोर्टला एरवी दोन्ही पालकांची संमती मागतात. एकाने ती दिली नाही, तर वेगळे प्रतिज्ञापत्र लागते आणि ताबा वादात असल्यास न्यायालयाचा हुकूम. पासपोर्ट कुणाकडे राहील आणि परदेशी नेण्याआधी किती दिवस लेखी संमती घ्यायची, हे ठरवून टाका. परदेशी नेलेले मूल परत आणण्यासाठी 1980 चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. म्हणून ही खबरदारी आधीच घ्यावी लागते.

शेवटची पायरी कागद पक्का करण्याची. पुष्कळ जण 500 रुपयांच्या बाँडवर लिहून नोटरी करतात आणि निश्चिंत होतात. नोटरीचा कागद म्हणजे न्यायालयाचा हुकूम नव्हे. मुलगी पाठवली नाही, तर त्याच्या जोरावर अंमलबजावणी मागता येत नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटाच्या अर्जासोबत हा आराखडा समझोत्याच्या अटी म्हणून दाखल करा आणि तो हुकूमनाम्याचा भाग होईल असे पाहा. न्यायाधीश त्यात बदल सुचवू शकतात, मुलीशीही बोलू शकतात, कारण मुलीचे हित आई-बापाच्या करारापेक्षा वर धरले जाते.

हा हुकूमही कायमचा नसतो. मुलांच्या ताब्याचे हुकूम परिस्थिती बदलली की बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 1973 सालीच रोझी जेकब प्रकरणात सांगितले आहे. मुलगी पाचवीत गेली, वडिलांचा कारखाना बदलला, आईची बदली झाली, अशा वेळी आधी दोघांनी बसून नवा मसुदा करावा आणि तो न्यायालयात द्यावा. तोंडी बदल महिना-दोन महिने चालतो, नंतर ज्याला सोयीचे असते तो जुना कागद काढतो.

वकिलाच्या फीची काळजी असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. स्त्रिया आणि मुलांना तिथे मोफत वकील मिळतो, हे अनेकांना ठाऊक असते. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 मध्ये औद्योगिक कामगाराचेही नाव आहे, म्हणजे भट्टीवरच्या वडिलांनाही तो मिळू शकतो.