फोटोतल्या वक्राची उंची आणि रुंदी

मागच्या व्याख्यानात मी पडद्यावर एक वक्र दाखवला होता. एका श्रोत्यांनी त्याचा मोबाइलवर फोटो काढला, आणि दोन दिवसांनी तो मला पाठवून खाली लिहिलं, "सर, शिखर ०.७९ वर आहे. मग मेंडेलचं तीन-चतुर्थांश चुकलं का?" प्रश्न मला फार आवडला. त्यांनी शिखर अगदी बरोबर वाचलं होतं, पण वक्राची रुंदी वाचलीच नव्हती. आज तोच फोटो समोर ठेवून बोलू या.

वक्र कशाचा होता ते आधी. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनोच्या मठाच्या बागेत वाटाण्याची संकरित झाडं लावली आणि त्यांच्या शेंगांतले दाणे मोजले. १८६६ साली छापलेल्या निबंधात पहिल्या दहा झाडांचे आकडे वेगवेगळे दिलेले आहेत. त्यातल्या पहिल्या झाडावर ४५ दाणे गोल आणि १२ सुरकुतलेले, एकूण ५७. आता समजा, दाणा गोल निघण्याचं खरं प्रमाण p आहे. p ला एकेक किंमत देत जायचं आणि दर वेळी विचारायचं, की हे प्रमाण खरं असतं तर नेमके ४५ आणि १२ मिळण्याची संभाव्यता किती असती? ती उंची कागदावर मांडत गेलं की जो डोंगर तयार होतो, तो लाइकलिहूडचा वक्र. ही p ची संभाव्यता नव्हे बरं का. आमच्या तत्त्वज्ञानवाल्यांचं इथं हमखास भांडण होतं, पण ते आज बाजूला ठेवू. ही मिळालेल्या आकड्यांची संभाव्यता आहे, p बदलत नेली तर ती कशी चढते-उतरते, एवढंच.

आता फोटो. तो मी संगणकावर उघडला आणि माउस टेकवून पिक्सेल मोजले. आडव्या अक्षावरची ०.६० ची खूण ४१२ व्या पिक्सेलवर होती आणि ०.९० ची १९१२ व्या. म्हणजे १५०० पिक्सेलमध्ये ०.३०, म्हणून ०.०१ ला ५० पिक्सेल. उभ्या अक्षाचा शून्य तळाशी होता, आणि तळापासून शिखरापर्यंत उंची १२०० पिक्सेल.

पहिलं काम शिखर शोधायचं. इथंच पहिली गंमत होते. शिखराजवळ वक्र जवळजवळ सपाट असतो. शिखरापासून ०.०१ बाजूला सरकलं, म्हणजे ५० पिक्सेल, तरी उंची जेमतेम २० पिक्सेलने उतरते. रेषेचीच जाडी आठ-एक पिक्सेल, मग डोळ्याला नेमका बिंदू कुठून दिसणार? म्हणून थेट टोकावर बोट ठेवू नका. शिखराच्या थोडं खाली, उंचीच्या नव्वद टक्क्यांवर, एक आडवी रेषा मारा. ती वक्राला दोन्ही बाजूंना कापते, आणि तिथं वक्राला उतार असल्यामुळे छेद स्पष्ट दिसतो. त्या दोन छेदांच्या मधोमध पाहिलं तर १३५६ वा पिक्सेल आला, म्हणजे ०.७८९. ४५ ला ५७ ने भागा, तेच येतं. फार खाली रेषा मारू नका, कारण वक्र किंचित एका बाजूला कललेला असतो आणि मध्यबिंदू सरकतो. याच फोटोत साठ टक्क्यांच्या आसपासच्या रेषेचा मध्य ०.७८६ वर येतो.

दुसरं काम रुंदीचं, आणि श्रोत्यांच्या प्रश्नाचं उत्तर तिथं आहे. लाइकलिहूडचा लॉगरिदम घेतला, की शिखराजवळचा आकार जवळजवळ पॅराबोला होतो. शिखरापासून किती लांब गेलो त्याचा वर्ग करायचा, त्याला स्टँडर्ड एररच्या, म्हणजे प्रमाण त्रुटीच्या, वर्गाच्या दुपटीने भागायचं, तेवढा लॉगमध्ये उतार पडतो. मग अंतर बरोबर एक प्रमाण त्रुटी असेल तर उतार किती? अर्धा. लॉगमध्ये अर्धा म्हणजे मूळ वक्रावर उंची ०.६०७ पट. हीच आपली जादूची उंची. डोंगर जितका अरुंद, तितकी त्या उंचीवरची रुंदी कमी, आणि प्रमाण त्रुटीही कमी.

फोटोत १२०० गुणिले ०.६०७ म्हणजे ७२८ पिक्सेल. तळापासून तेवढ्या उंचीवर रेषा मारली. ती डावीकडे १०७२ वर आणि उजवीकडे १६१२ वर कापते. मधलं अंतर ५४० पिक्सेल, म्हणजे ०.१०८. त्याचं निम्मं ०.०५४. ही प्रमाण त्रुटी. नेहमीचं सूत्र, p गुणिले (१ − p) भागिले ५७ आणि त्याचं वर्गमूळ, तेही ०.०५४ देतं.

मग ०.७५ कुठं पडतं? शिखरापासून ०.०३९ वर, एका प्रमाण त्रुटीपेक्षाही कमी अंतरावर. वक्राची तिथली उंची शिखराच्या सुमारे ७८ टक्के आहे. म्हणजे हे एक झाड मेंडेलच्या विरुद्ध बोलतच नाही. मेंडेल यांनी एकूण २५३ झाडांचे ७३२४ दाणे मोजले, ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. त्यांचं शिखर ०.७४७ वर येतं आणि प्रमाण त्रुटी फक्त ०.००५. डोंगराची सुई झाली! पण याच फोटोच्या मापात तिची निम्मी रुंदी जेमतेम २५ पिक्सेल, आणि रेषेची जाडी आठ. तिथं फोटोवरून रुंदी मोजणं व्यर्थ, आडवा अक्ष ताणून वेगळं चित्र काढावं लागेल.

मात्र ताणताना एक सांगतो. चित्र उभं ताणलं की कुठलाही डोंगर टोकदार दिसतो. तीक्ष्णता डोळ्याने ठरवायची नसते, ती आडव्या अक्षाच्या एककात मोजायची असते.

फोटो कुठं फसवतो? उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नसेल तर मोठी चूक होते. समजा चित्राचा तळ शिखराच्या ४० टक्क्यांवर कापलेला आहे, आणि तुम्ही दिसणाऱ्या उंचीचे ०.६०७ घेतलेत. खऱ्या उंचीच्या ते ७६ टक्के झाले, आणि प्रमाण त्रुटी सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी कमी वाचली जाईल. म्हणून आधी उभ्या अक्षाचे आकडे बघा. आकडे ऋण असतील तर तो बहुतेक लॉगचा वक्र आहे. तिथं ०.६०७ विसरा आणि शिखराच्या अर्धा एकक खाली रेषा मारा. दुसरं, फोटो तिरका असेल तर ०.६० ते ०.७० आणि ०.८० ते ०.९० या दोन अंतरांचे पिक्सेल सारखे येत नाहीत. ते आधी तपासायचं, आणि फरक असेल तर प्रत्येक छेद त्याच्या लगतच्या दोन खुणांमध्ये मोजायचा.

आणि रुंदीचं निम्मं करायचं, हे डोंगर दोन्हीकडून सारखा असेल तरच. मेंडेल यांनी एक टोकाचं झाडही नोंदवलं आहे, ४३ गोल आणि फक्त दोन सुरकुतलेले. तिथं शिखर ०.९५६ वर, आणि १ ची भिंत अगदी जवळ. ०.६०७ च्या उंचीवर डावा हात ०.०३८ लांब, उजवा फक्त ०.०२४. अशा वेळी सरासरी काढून एकच प्रमाण त्रुटी सांगू नये, दोन्ही हात वेगळे लिहावेत. आणि एखाद्या झाडावर सुरकुतलेला दाणा एकही नसता, तर वक्र थेट भिंतीला भिडला असता. तिथं दुसरी बाजूच नाही, त्यामुळे ही रीत चालत नाही.