घरून ऑनलाइन विकण्याआधी जीएसटी क्रमांक लागतो का?

पेण आणि रोहा तालुक्यांतल्या वाड्यांवर घरगुती माल करणाऱ्या भगिनी आता मोबाइलवरून विकायचे म्हणू लागल्या की त्यांच्यापुढे पहिला प्रश्न हाच येतो. गावातला कुणी सांगतो, ‘नंबर काढल्याशिवाय ऑनलाइन विकता येत नाही.’ दुसरा सांगतो, ‘४० लाखांपर्यंत काही लागत नाही.’ दोघांचेही थोडे बरोबर आहे आणि थोडे चूक. या अंकात तेवढीच एक गोष्ट नीट समजून घेऊ, कारण वर्षाला दोन-तीन लाखांची विक्री करणाऱ्या बाईने गरज नसताना नोंदणी घेतली, तर पुढे काय होते ते आपल्याला माहीत असायला हवे.

आधी मागचे थोडे. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, तेव्हा कायद्याच्या कलम २४ मध्ये एक यादी दिली होती. त्या यादीतल्या माणसाला, उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची होती. परराज्यात करपात्र माल पाठवणारा त्या यादीत होता आणि ऑनलाइन बाजारातून माल विकणाराही होता. म्हणजे पेणच्या बाजारात बसून १५ लाखांचे लोणचे विकणाऱ्याला काही नाही, पण तेच लोणचे ऑनलाइन बाजारात एक बरणी ठेवले की नोंदणी. ‘नंबर लागतोच’ असे जे आजही सांगितले जाते, ते या काळातले आहे. तेव्हा ते खरे होते.

३१ जुलै २०२३ च्या अधिसूचनेने (क्रमांक ३४/२०२३) हे बदलले आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला ऑनलाइन बाजारातून, नोंदणी न घेता, माल विकण्याची मुभा मिळाली. पण मुभा म्हणजे मोकळे रान नव्हे. उलाढाल मर्यादेच्या आत हवी, चालू वर्षाची आणि मागच्या वर्षाचीही. पॅन हवा. विक्री एकाच राज्यातून व्हावी. परराज्यात माल अजिबात जाता कामा नये. आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी अट अशी की, पहिली विक्री होण्याआधी जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर जाऊन एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. हा जीएसटी क्रमांक नव्हे. याला विवरणपत्रे भरावी लागत नाहीत, ग्राहकाकडून कर घ्यायचा नाही. हा क्रमांक एवढेच सांगतो की, ही व्यक्ती नोंदणी नसलेली असून अमुक राज्यातून विकते.

एक उदाहरण घेऊ. समजा, पेणजवळच्या एका वाडीवरची भगिनी पोह्याचे पापड आणि करवंदाचे लोणचे करते. पेणच्या बाजारात आणि ओळखीच्या घरी महिन्याला साधारण १५,००० रुपयांचा माल जातो. आता ती ऑनलाइन बाजारात उतरली आणि तिथे महिन्याला १२,००० रुपयांची विक्री होऊ लागली. कंपनी आपले कमिशन आणि पाठवणीचा खर्च कापून घेते, म्हणून बँकेत ९,५००च येतात. ती म्हणेल, माझी ऑनलाइन उलाढाल ९,५००. पण कायदा बँकेत आलेले पैसे मोजत नाही, ग्राहकाने दिलेली मालाची किंमत मोजतो. म्हणून महिन्याला १५,००० अधिक १२,००० असे २७,००० धरायचे. वर्षाचे झाले ३,२४,०००. नफा यातला किती, हा प्रश्न इथे येतच नाही.

आता मर्यादा. कलम २२ मध्ये मुळात २० लाखांचा आकडा आहे. फक्त माल विकणाऱ्यांसाठी १ एप्रिल २०१९ पासून तो ४० लाख झाला, पण ते वेगळ्या अधिसूचनेने (क्रमांक १०/२०१९), आणि त्या अधिसूचनेतून कलम २४ च्या यादीतले लोक वगळले आहेत. २०२३ ची ऑनलाइनची सवलत मात्र कलम २२ च्या मर्यादेकडे बोट दाखवते. म्हणून माझा सल्ला असा की, ऑनलाइन विकणाऱ्याने ४० लाख डोक्यात ठेवू नयेत, २० लाख ही रेघ धरावी आणि ती जवळ आली की कर सल्लागाराशी बोलावे. आपल्या उदाहरणातली भगिनी ३ लाख २४ हजारांवर आहे. तिला दोन्ही आकड्यांची काळजी नाही. तिला जीएसटी क्रमांक लागत नाही. नावनोंदणी क्रमांक मात्र लागतो, आणि तो आधी.

तिने फक्त पापडच केले असते तर? पापडावर जीएसटी शून्य आहे. जो माणूस केवळ करमुक्त मालच विकतो, त्याला कलम २३ प्रमाणे नोंदणीच नको, ऑनलाइन विकले तरी. पण ‘केवळ’ हा शब्द जपून वाचावा. पापडाशेजारी लोणच्याची एक बरणी आली की लोणचे करपात्र, मग ही सूट गेली. शिवाय उलाढाल मोजताना पापडाची विक्रीही धरावी लागते, कारण एकूण उलाढालीत करमुक्त मालसुद्धा येतो.

हे पेणच्या गणपतीच्या कारखान्यांना चांगले लागू पडते. हमरापूर, जोहे या गावांत मूर्ती होतात, आणि मातीच्या मूर्तीवर २०१७ च्या सप्टेंबरपासून कर शून्य आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तीला ती सूट नाही. एखाद्या कारखान्याने हंगामात शाडूच्या १६ लाखांच्या आणि प्लास्टरच्या ५ लाखांच्या मूर्ती महाराष्ट्रातच, हातोहात विकल्या, तर एकूण २१ लाख. ऑनलाइन काहीच नसेल तर हा माणूस ४० लाखांच्या आत निवांत आहे. त्याच कारखान्याने मुलाच्या हौसेखातर दहा मूर्ती ऑनलाइन बाजारात टाकल्या, तर २० लाखांची रेघ आडवी येते. मर्यादेचा आकडा महत्त्वाचा ठरतो तो इथे. लोणचे करणाऱ्या भगिनीच्या बाबतीत तो लांबच आहे.

तिची खरी अडचण वेगळी आहे. पुण्याहून, नाशिकहून, नागपुरातून मागणी आली तर हरकत नाही. गोवा, सुरत किंवा बेळगावहून आली तर नाही म्हणावे लागते. नावनोंदणी क्रमांकावर विकणाऱ्याचा माल परराज्यात जाऊ न देण्याची जबाबदारी कंपनीवरही टाकलेली आहे, त्यामुळे तिथे बहुधा तो पर्यायच दिसत नाही. घोटाळा होतो तो बाहेर. कुणी प्रेमाने फोन करून सांगते, ‘आमच्या गोव्याच्या मंडळीला पन्नास बरण्या पाठवा,’ आणि ती कुरियरने पाठवते. ही विक्री ऑनलाइन बाजारातून झाली नाही हे खरे, पण अट तशी नाही. परराज्यात माल विकायचाच नाही, अशी ती आहे. म्हणून आपल्या वाचकांनाही विनंती, परराज्यातून मागणी करण्याआधी विक्रेतीला विचारावे.

रोह्याकडे सुपे आणि टोपल्या विणणाऱ्यांसाठी इथे एक फाटा फुटतो. हाताने केलेल्या बांबूच्या वस्तू सरकारच्या हस्तकलेच्या यादीत आहेत, आणि अशा कारागिराला २० लाखांच्या आत, नोंदणी न घेता परराज्यात थेट विकता येते. पॅन लागतो, आणि पार्सल कितीही लहान असले तरी ई-वे बिल काढावे लागते. मात्र ही सूट थेट विक्रीची आहे. तोच कारागीर नावनोंदणी क्रमांकावर ऑनलाइन बाजारातही बसला, तर परराज्याची बंदी त्याला लागते. दोन्ही एकदम जमत नाही. कुठला गिऱ्हाईक जास्त, ते पाहून ठरवावे.

नावनोंदणी कशी करायची? gst.gov.in वर नोंदणी नसलेल्या, ऑनलाइन बाजारातून माल विकणाऱ्यांसाठी स्वतंत्र अर्ज आहे. पॅन, मोबाइल, ई-मेल, धंद्याचा पत्ता आणि राज्य भरायचे, तपासणी झाली की क्रमांक मिळतो. सरकारी शुल्क नाही. अडते ते बहुतेक वेळा नावापाशी. पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, आणि अर्जात तिसरेच काही. आधी ती कागदपत्रे जुळवून घ्यावीत. एका राज्यात एकच क्रमांक मिळतो, म्हणून दोन कंपन्यांवर विकायचे असेल तरी तोच द्यायचा. कंपनीचे स्वतःचे धोरण कायद्यापेक्षा कडक असू शकते. काही जणी जीएसटी क्रमांकाशिवाय खातेच उघडू देत नाहीत, तर मीशोसारख्या काही अशा लहान विक्रेत्यांना घेतात. तो कंपनीचा नियम आहे, सरकारचा नव्हे.

बचत गटांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाच जणींचा माल एकीच्या खात्यावरून, तिच्या पॅनवर विकला, तर सगळी विक्री तिची एकटीची मोजली जाते. प्रत्येकीची चार लाखांची असेल तर तिच्या नावावर वीस लाख लागतात. गटाचा पॅन वेगळा काढून त्यावर विकले तर हिशेब गटाचा राहतो.

आणि ज्यांनी कुणाच्या सांगण्यावरून जीएसटी क्रमांक आधीच घेतला आहे त्यांच्यासाठी. नोंदणी असेपर्यंत विवरणपत्र भरावेच लागते, विक्री शून्य असली तरी. शून्य विक्रीचे विवरणपत्र राहिले तर दर दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढत जाते, आणि पावसात चार महिने धंदा बंद ठेवणाऱ्या घरात ते कुणाच्या ध्यानातही येत नाही. गरज नसेल तर REG-16 या अर्जाने नोंदणी रद्द करता येते. आधी राहिलेली विवरणपत्रे भरून घ्यावीत आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांच्या आत GSTR-10 हे शेवटचे विवरणपत्र भरावे. ते विसरले की त्याचेही शुल्क वेगळे. मगच नावनोंदणी क्रमांकासाठी अर्ज करावा आणि तो हातात येईपर्यंत ऑनलाइन विक्री थांबवावी.