गुंठ्याच्या मापानं मोजलेलं ताट

वरंधच्या खोऱ्यात भात कापून झालं की खाचरात थोडेच दिवस ओल राहते. कुळीथ तेवढ्यात पेरावा लागतो. पुढे त्याला पाणी नको, खत नको. थंडीतलं दव आणि मातीतली ओल एवढ्यावर तो येतो.

शाळेतल्या मुलांनी पर्यावरणाच्या प्रकल्पाला विषय घेतला होता, मटण-कोंबडी आणि डाळ-भात यांना जमीन किती लागते आणि त्यातून हवेत वायू किती जातो. मी मदतीला होतो. हेक्टर आणि चौरस मीटर मुलांच्या डोळ्यांसमोर येईनात, म्हणून आम्ही गुंठा धरला. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. दोरी बांधून तेवढं खाचर आखलं आणि त्यातलाच कुळीथ वेगळा काढला. शेंगा उन्हात तडकतात आणि दाणा मातीत जातो, म्हणून उपटणी पहाटे, दव असताना. मग खळ्यावर वाळवणं, काठीनं झोडपणं, सुपात पाखडणं. ताणकाट्यावर साधारण पाच किलो दाणे भरले. कुळथात प्रथिनं बावीस टक्क्यांच्या आसपास असतात, म्हणजे गुंठ्याला किलोभराहून थोडी जास्त.

आता बॉयलर कोंबडी. दोन किलोची होईपर्यंत ती सव्वातीन किलोच्या आसपास खाद्य खाते. त्यात दोन किलो मका आणि किलोभर सोयाबीनची पेंड धरा, बाकी क्षार वगैरे. मक्याला आणि सोयाबीनला आपल्याकडे जे सर्वसाधारण उत्पन्न मिळतं, त्या हिशेबानं एका कोंबडीमागे वीस चौरस मीटरांच्या आतबाहेर जमीन येते, म्हणजे गुंठ्याचा पाचवा भाग. ही जमीन वरंधात दिसत नाही, कारण ती घाटावर असते. गुंठ्यामागे पाच कोंबड्या, आणि त्यांच्या मांसातली प्रथिनं पुन्हा किलोभरच!

मुलं गोंधळली. कडधान्याला जमीन कमी लागते असं त्यांनी वाचलं होतं. पण हिशेब बरोबर होता. पूर आणि नेमेसेक या संशोधकांनी २०१८ साली ११९ देशांतल्या ३८,७०० शेतांची माहिती एकत्र केली. तिच्यातही शंभर ग्रॅम प्रथिनांमागे कडधान्याला आणि कोंबडीला जमीन जवळजवळ सारखीच, सातेक चौरस मीटर. वायूचं मात्र तसं नाही. तेवढ्याच प्रथिनांमागे कडधान्याचे एक किलोहूनही कमी, कोंबडीचे साडेपाच किलोंच्या वर, मेंढी-बकरीच्या मटणाचे वीसच्या आसपास, सगळे कार्बन डायऑक्साइडच्या मापात. बकरी रवंथ करते, तिच्या पोटात मिथेन तयार होतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडतो. तिला चरायला लागणारा डोंगरउतार मात्र भाताच्या कामाचा नसतो. त्यामुळे बकरीची जमीन आणि खाचराची जमीन एका रकान्यात लिहिणं मला पटत नाही. तक्त्यात आम्ही दोन रकाने केले.

कुळथाची खरी किंमत खाचराच्या रकान्यात कळते. त्याच गुंठ्यानं काही महिन्यांपूर्वी चाळीस किलो भात दिलेलं असतं. कुळथासाठी नवी जमीन मोडावी लागत नाही. मग सगळी खाचरं हिरवी का नसतात? शेजारच्या म्हाताऱ्या बाबांनी एका वाक्यात सांगितलं, "येकट्यानं पेरलं तर गुरांसाठी पेरलं." कापणीनंतर गुरं मोकाट सुटतात. एकाचंच शेत हिरवं असलं की रात्रीत फस्त होतं, आणि उरलंसुरलं रानडुकरं व माकडं नेतात.

जमीन ताटात टाकलेल्या अन्नामागेही लागलेली असते. त्या उष्ट्याचा हिशेब मुलांनी एका लग्नात केला. मांडवामागे पिंप होतं, त्यातला नुसता भात वेगळा करून तोलला. पंधरा किलो भरला. एक किलो तांदळाचा तिप्पट भात होतो, म्हणजे पाच किलो तांदूळ. गुंठ्याला चाळीस किलो भात भरडलं की तांदूळ पंचवीस-सव्वीस किलो, म्हणून पाच किलोंना पुन्हा गुंठ्याचा पाचवा भाग. एका कोंबडीइतकी जमीन. शिवाय भातखाचरात पाणी साचून मिथेन निघतो. जगाच्या सरासरीनं किलोभर तांदळामागे चार किलोंहून जास्त वायू धरतात. म्हणजे पिंपातल्या भाताचे वीस किलोंच्या वर, तर एका कोंबडीच्या मांसाचे जेमतेम चौदा. तो भात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खड्ड्यात पुरला तर हवेविना कुजून आणखी मिथेन होणार. त्या दिवशी तो गुरांच्या गोठ्यात आणि कोंबड्यांच्या खुराड्यात गेला.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं साठ टक्के घरांतून. त्यामुळे असा प्रकल्प हाती घेणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की मांसाहारी कोण हे विचारण्याआधी पिंप तोला. आणि वरंधच्या शेतकऱ्यांना विनंती की लागून असलेल्या खाचरांचे मालक कापणीआधी एकत्र बसा, कुळीथ निघेपर्यंत गुरं बांधायचं ठरवा आणि सगळे एकाच आठवड्यात पेरा.