विश्लेषण : निविदेतले मोघम शब्द कोर्टापर्यंत कसे पोहोचतात?

निविदेचा मसुदा लिहिताना ‘चांगल्या प्रतीचा’, ‘योग्य ती कपात’ असे शब्द सहज वापरले जातात. काम सुरू झाल्यावर खरेदीदार आणि पुरवठादार त्यांचे वेगवेगळे अर्थ लावतात. वरोऱ्याच्या वीज प्रकल्पाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकालात तर ‘कायदा’ या शब्दात काय काय येते, हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

वरोऱ्याच्या प्रकरणात वाद कशाचा होता?

चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळ जीएमआर वरोरा एनर्जी कंपनीचा ६०० मेगावॉटचा कोळशावर चालणारा वीज प्रकल्प आहे. असे प्रकल्प स्पर्धात्मक निविदेत दर देऊन वीज वितरण कंपन्यांशी दीर्घ मुदतीचे करार करतात. कराराचा मसुदा निविदेबरोबरच दिलेला असतो. निविदा भरण्याच्या अंतिम तारखेच्या सात दिवस आधीची स्थिती गृहीत धरून दर ठरतो आणि त्यानंतर ‘कायद्यात बदल’ होऊन खर्च वाढला, तर भरपाई मिळते.

पुढे रेल्वेने मालवाहतुकीवर अधिभार लावले आणि कोल इंडियाने कोळसा वाहून नेण्याच्या सुविधांसाठी वेगळे शुल्क सुरू केले. रेल्वेचे किंवा कोळसा कंपनीचे परिपत्रक हा कायदा आहे का? वीज कंपन्या म्हणत होत्या, आहे. वितरण कंपन्यांचे म्हणणे होते, हे व्यापारी दर आहेत. कराराच्या व्याख्येत कायदे, नियम, अधिसूचना आणि सरकारी यंत्रणांनी लावलेला अर्थ असे बरेच काही होते, पण या परिपत्रकांचे नाव नव्हते.

२० एप्रिल २०२३ रोजी न्या. भूषण गवई आणि न्या. विक्रम नाथ यांच्या खंडपीठाने अशा अनेक अपिलांवर एकत्रित निकाल दिला. सरकारी यंत्रणांनी त्या तारखेनंतर काढलेल्या आदेशांमुळे वाढलेले शुल्क ‘कायद्यातील बदल’ ठरते, असे न्यायालयाने म्हटले. अशा वादांत लांबलेल्या देण्यांवरील जादा रकमेचा भार शेवटी वीजग्राहकांवर पडतो, याकडेही न्यायालयाने लक्ष वेधले.

मसुद्यातला मोघम शब्द ओळखायचा कसा?

प्रत्येक विशेषणापुढे चार प्रश्न लिहावेत : कोण मोजणार, कुठे, केव्हा आणि कोणत्या पद्धतीने? यांपैकी एकाचेही उत्तर कागदावर नसेल, तर तो शब्द मोघम आहे. आणखी एक सोपी चाचणी आहे. तेच कलम दोन वेगळ्या माणसांना द्यावे, काल्पनिक मालाचे मोजमाप सांगावे आणि ‘बिल किती निघेल?’ असे विचारावे. दोघांचे आकडे जुळले नाहीत, तर तो वाद पुढे खरेदीदार आणि पुरवठादारातही होणार.

प्रत्यक्ष उदाहरणात हे कसे दिसते?

वरोऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतला एखादा कारखाना बॉयलरसाठी १० हजार टन कोळसा घेतो आहे, असे समजू. दर टनाला ३ हजार रुपये, म्हणजे एकूण ३ कोटी. मसुद्यात लिहिले आहे : ‘४,३०० किलोकॅलरी उष्मांकाचा, चांगल्या प्रतीचा कोळसा वेळेत पोहोचवावा. प्रत समाधानकारक नसल्यास योग्य ती कपात केली जाईल.’

यात आकडा असलेला एकमेव शब्द उष्मांक. पण खरा घोळ तिथेच आहे. उष्मांक म्हणजे एक किलो कोळसा जळून मिळणारी उष्णता. कोळशात पाणी असते आणि पाणी जळत नाही. प्रयोगशाळेत नमुना हवेत वाळवून तपासला आणि त्यात ६ टक्के ओलावा उरला असताना उष्मांक ४,३०० आला, असे धरू. तोच कोळसा ट्रकमधून उतरला तेव्हा त्यात १४ टक्के ओलावा होता. मग ‘जसा आला तसा’ उष्मांक काढण्याचा हिशेब असा :

४,३०० × (१०० − १४) ÷ (१०० − ६) = ३,९३४

कोळसा तोच, आकडे दोन. फरक साडेआठ टक्क्यांचा, म्हणजे ३ कोटींच्या खरेदीत सुमारे साडेपंचवीस लाखांचा. पुरवठादार वाळवलेल्या नमुन्याचा अहवाल दाखवील, खरेदीदार ट्रकमधल्या मालाचा. कलमात आधारच लिहिलेला नसल्याने दोघेही बरोबर ठरतात. कोल इंडियाची प्रतवारी तर ४० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रतेत स्थिरावलेल्या ओलाव्यावर ठरते, म्हणजे तिसराच आकडा.

जागेचेही तसेच. खाणीवर भरताना घेतलेला नमुना आणि पावसाळ्यात भिजून आलेल्या ट्रकमधला नमुना सारखा येत नाही. शिवाय भिजलेला कोळसा काट्यावर जड भरतो, म्हणजे पाण्याचेही पैसे जातात.

मग कलम कसे लिहावे?

‘उष्मांक जसा माल आला त्या आधारावर मोजला जाईल. नमुना कारखान्याच्या फाटकावर, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींसमोर, आयएस ४३६ नुसार घेतला जाईल आणि तपासणी आयएस १३५० नुसार होईल. नमुन्याचे तीन भाग होतील. दोन भाग दोन्ही बाजूंना मिळतील आणि तिसरा मोहोरबंद ठेवला जाईल. दोघांच्या निकालांतला फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर तिसऱ्या भागाचा नेमलेल्या प्रयोगशाळेचा निकाल अंतिम राहील.’ ही मर्यादा आणि प्रयोगशाळेचे नाव निविदेतच द्यायचे.

‘योग्य ती कपात’ऐवजी सूत्र द्यावे : दर × प्रत्यक्ष उष्मांक ÷ ठरलेला उष्मांक. किती उष्मांकाखाली माल परत जाईल, तेही लिहावे. ‘वेळेत’ऐवजी खरेदी आदेशाच्या तारखेपासून किती दिवस आणि त्यात सुट्ट्या धरायच्या की नाही, हे सांगावे. वजन कोणत्या काट्याचे, हे एका ओळीत येते.

अर्थ लावण्याचा अधिकार खरेदीदाराने स्वतःकडे ठेवला तर?

निविदेच्या टप्प्यावर हे काही प्रमाणात चालते. नागपूर मेट्रोच्या निविदेत ‘मेट्रो स्थापत्य बांधकामा’चा अनुभव मागितला होता. आंतरशहरी रेल्वेमार्गाचा अनुभव त्यात बसतो का, असा वाद झाला. निविदा लिहिणाऱ्यालाच तिचा अर्थ सर्वांत चांगला कळतो, असे सांगत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मेट्रो कंपनीने लावलेला अर्थ मान्य केला. पण करार झाल्यावर पैशांचा वाद आला, की संदिग्ध कलम लिहिणाऱ्याच्या विरोधात वाचण्याचे तत्त्वही पुढे येऊ शकते. शिवाय जोखीम कळली नाही, की पुरवठादार ती दरात धरतो.

सगळेच शब्द काटेकोर करता येतात का?

नाही. पंचवीस वर्षांच्या करारात सरकार उद्या कोणते शुल्क लावेल, याची यादी आज करता येत नाही. ‘कायद्यात बदल’ हा शब्द रुंदच ठेवावा लागतो. मात्र सरकारी कंपन्यांची परिपत्रके त्यात येतात की नाही, हे एका वाक्यात स्पष्ट करता येते. उलट टोकाला, अंगाबाहेर काटेकोर वर्णन केले, तर एकाच पुरवठादाराचा माल त्यात बसतो आणि तक्रार वेगळीच उभी राहते.

दुरुस्ती कधीपर्यंत करता येते?

निविदापूर्व बैठकीपर्यंत हे काम सर्वांत स्वस्त पडते. तिथे इच्छुक पुरवठादारांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे मोघम शब्दाचा पत्ता. त्याचे उत्तर तोंडी न देता शुद्धिपत्रक काढून सर्वांना कळवावे आणि ते कराराचा भाग राहील, असे नमूद करावे. दर उघडल्यानंतर मात्र शब्द बदलता येत नाही. मग त्याचा अर्थ लावणे तेवढे उरते.